मंजूर म्हणतेस, पण कधीपासून कधीपर्यंत?

पदोन्नतीचे पेढे संपले नाहीत तोच टेबलावर रजेच्या अर्जांची चळत आली म्हणतेस ना? येणारच गं. मे महिना तोंडावर आला की सगळ्या कार्यालयांत हेच चालतं. कोणाकडे लग्न, कोणाच्या गावची जत्रा, कोणाच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आजवर तू रजा मागणाऱ्यांच्या रांगेत होतीस, आता रजा देणारी झालीस. मागताना ‘विनंती आहे की’ एवढं लिहिलं तरी भागत होतं. देताना मात्र तुझ्या प्रत्येक शब्दावरून कोणाचा तरी पगार निघतो, कोणाच्या तरी सेवापुस्तकात नोंद पडते, आणि ती माणसं निवृत्त होईपर्यंत तो कागद तिथंच असतो. म्हणून जरा बस, चहा घे आणि ऐक.

खरं सांगू का, रजा मंजुरीचा आदेश चांगला लिहायला भाषेवर प्रभुत्व वगैरे काही लागत नाही. तो तुझ्यासमोर बसून कोणी वाचणार नसतो, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं. पगारपत्रक बनवणारा लिपिक तो वाचतो. चार वर्षांनी तुझ्या जागी आलेला अधिकारी वाचतो. सेवापुस्तक पडताळणारा लेखाधिकारी वाचतो. ‘म्हणजे मॅडमना काय म्हणायचं होतं?’ असं त्यांना विचारता येत नाही. विचारलं तरी तोवर तुझी बदली झालेली असते. तेव्हा कागदाने स्वतःच सगळं सांगायला हवं. रजा कोणाची, कोणत्या प्रकारची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कशावर अवलंबून, आणि परत कधी, कुठे, कोणत्या पदावर यायचं.

चल, एक अर्जच घेऊ. तुझ्या आस्थापनेवरच्या वरिष्ठ लिपिक बाईंच्या मुलीचं लग्न आहे. त्यांनी 15 एप्रिल 2025 ला अर्ज दिला, ‘मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दोन आठवडे रजा मिळावी.’ आता बघ, ‘दोन आठवडे’ म्हणजे किती दिवस? चौदा? की कामाचे दहा? तू असाच ‘दोन आठवड्यांची रजा मंजूर’ असा शेरा मारलास, तर त्या बाई एक हिशेब करतील, पगार काढणारा दुसरा करेल आणि सेवापुस्तकात तिसराच चढेल. म्हणून पहिलं काम म्हणजे त्यांना बोलावून घ्यायचं आणि तारखा विचारायच्या. लाजायचं नाही. ‘ताई, शेवटचा कामाचा दिवस कोणता आणि परत टेबलावर कधी दिसाल?’ हे दोनच प्रश्न. समज, त्या म्हणाल्या, शुक्रवारी 2 मे ला संध्याकाळपर्यंत आहे, आणि सोमवारी 19 मे ला सकाळी येते.

आता कॅलेंडर समोर घे. राज्य शासनाच्या कार्यालयांत फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे 3 आणि 4 मे हे शनिवार-रविवार सुट्टीचे. तसेच 17 आणि 18 मे. या चार दिवसांत त्या बाई तशाही कार्यालयात येणार नव्हत्या, मग त्यांच्या खात्यातून हे दिवस का कापायचे? पण त्या मुंबईला बहिणीकडे जाणार असतील तर शनिवारीच निघतील. म्हणून या सुट्ट्या रजेच्या मागे आणि पुढे जोडायची परवानगी द्यायची, आणि खुद्द रजा लिहायची 5 मे ते 16 मे. बोटांवर मोज, पाच तारीख आणि सोळा तारीख दोन्ही धरून बारा दिवस होतात.

इथे हुशार माणसंही हमखास घसरतात. एक जण म्हणतो, ‘बाई 3 ते 18 बाहेर होत्या’, आणि सोळा दिवस कापतो. म्हणजे चार दिवस फुकट गेले. दुसरा उदार होतो आणि म्हणतो, मधले 10 आणि 11 मे शनिवार-रविवार आहेत, 12 मे ला बुद्धपौर्णिमेची सुट्टी आहे, हे तीन वजा करू, नऊच दिवस लावू. ते चुकीचं गं. रजेच्या दोन्ही टोकांना लागून आलेली सुट्टी जोडता येते. रजेच्या पोटात आलेली सुट्टी मात्र रजेतच मोजली जाते. नैमित्तिक रजेची सवय असलेल्यांना हे पटता पटत नाही, कारण तिथे मधली सुट्टी मोजत नाहीत. त्या बाई जरा कुरकुरतील. त्यांना आदेश देण्याआधीच तोंडी समजावून ठेव, म्हणजे रजा संपल्यावर रुसवा नको.

आणि हो, त्या हळूच म्हणतील, ‘मॅडम, शुक्रवारी दोन तारखेला एक सीएल टाकते, गुरुवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहेच, म्हणजे बुधवारी संध्याकाळीच निघता येईल.’ तोंडावर हसू ठेव आणि ठाम राहा. नैमित्तिक रजा अर्जित रजेला जोडता येत नाही. त्यांना शुक्रवारी यायचं नसेल तर अर्जित रजा 2 मे पासूनच सुरू होईल. मग 1 मे ची सुट्टी मागे जोडता येईल, पण 3 आणि 4 मे आता रजेच्या पोटात गेले. 2 ते 16 असे पंधरा दिवस खात्यातून जातील. एका शुक्रवारसाठी तीन दिवस! हिशेब असा उघडा मांडलास की त्या स्वतःच म्हणतील, राहू दे, येते मी शुक्रवारी.

तारखांबद्दल अजून एक सांगते. ‘महिना’ हा शब्द आदेशात येऊच द्यायचा नाही. प्रसूती रजा लोक सरसकट ‘सहा महिने’ म्हणतात. ती आहे 180 दिवसांची. कोणाची रजा 1 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाली तर ‘सहा महिने’ म्हणून 31 जानेवारी लिहायचा मोह होतो, पण तो हिशेब 184 दिवसांचा होतो. 180 वा दिवस येतो 27 जानेवारी 2026 ला. म्हणजे हजर व्हायचं 28 ला. ते चार दिवस मग कशात टाकायचे, यावरून बाळंतिणीला नोटीस गेलेली मी पाहिली आहे. चूक कोणाची, तर आदेश लिहिणाऱ्याची. आणि भोगलं कोणी, तर तान्ह्या बाळाला घेऊन खुलासे लिहिणाऱ्या पोरीने. म्हणून सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि एकूण दिवस हे तिन्ही लिहायचे, दिवस अंकातही आणि अक्षरातही. तिघांपैकी एक चुकलं तर उरलेली दोन त्याला पकडतात. मी तर अजूनही बोटांवरच मोजते, आणि शिपाईकाका माझ्याकडे बघून हसतात. हसू देत.

आता प्रकार. अर्जावर नुसतं ‘रजा’ असं असेल तर अर्ज परत पाठव, प्रकार लिहून आण म्हणावं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 हे पुस्तक तुझ्या कपाटात असेलच, नसेल तर मागव. अर्जित रजा नियम 50 मध्ये आहे, अर्धवेतनी 60 मध्ये, परिवर्तित 61 मध्ये, असाधारण 63 मध्ये आणि प्रसूती रजा 74 मध्ये. आदेशात प्रकाराचं पूर्ण नाव आणि नियमाचा क्रमांक दोन्ही घालायचे. कारण बघ, प्रकारावरून पगार ठरतो. अर्जित रजेत पूर्ण वेतन मिळतं. अर्धवेतनीत नावाप्रमाणे अर्धं. असाधारण रजेत वेतनच नाही. तू नुसतं ‘रजा मंजूर’ लिहिलंस तर पगार काढणारा आपल्या समजुतीने प्रकार ठरवणार, आणि त्याची समजूत त्या बाईंच्या सोयीचीच असेल असं नाही.

आणि एक मोठी गोष्ट, ही मनात कोरून ठेव. रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे खरं. कामाची निकड असेल तर तू नाकारू शकतेस, पुढे ढकलायला सांगू शकतेस. पण त्यांनी अर्जित रजा मागितली आणि ती खात्यात शिल्लक आहे, तर तू आपल्या मनाने ती अर्धवेतनी करून देऊ शकत नाहीस. मागितलेला प्रकार बदलायचा असेल तर त्यांनीच लेखी विनंती करायला हवी. नव्या अधिकाऱ्यांना वाटतं की आपण सही करणार म्हणजे सगळंच आपल्या हातात. रजा द्यायची की नाही हे तुझ्या हातात आहे, प्रकार नाही.

सही करण्याआधी रजा लेखा बघायचाच. अर्जित रजा दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस अशी आगाऊ जमा होते आणि खात्यात जास्तीत जास्त 300 दिवस साठतात. आपल्या बाईंच्या खात्यात समज 214 दिवस आहेत. बारा गेले की 202 राहतील. हे दोन्ही आकडे आदेशात लिहायची पद्धत काही कार्यालयांत नाही, पण तू लिही. लिपिकाला खातं उघडून बघावंच लागतं त्यामुळे.

आजारपणाची रजा आली की जास्त डोळे उघडे ठेवायचे. लोक ‘मेडिकल’ लिहून मोकळे होतात. मेडिकल नावाचा रजेचा प्रकार नाही गं. वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळते ती बहुतेकदा परिवर्तित रजा. म्हणजे अर्धवेतनी रजेच्या दोन दिवसांचा एक पूर्ण पगाराचा दिवस करून घ्यायचा. समज, एका शिपाईदादांना 8 जुलै ते 23 जुलै 2025 अशी सोळा दिवसांची परिवर्तित रजा दिलीस, तर त्यांच्या अर्धवेतनी खात्यातून बत्तीस दिवस वजा होणार. हे आदेशात सरळ लिहायचं, ‘सदर रजेपोटी अर्धवेतनी रजेच्या खात्यातून 32 (बत्तीस) दिवस वजा करण्यात यावेत.’ नाही लिहिलंस तर सोळाच वजा होतात. दहा वर्षांनी पडताळणीत ती चूक सापडते आणि निवृत्तीच्या तोंडावर त्या दादांच्या मागे वसुली लागते. शिवाय परिवर्तित रजा देताना, रजा संपल्यावर माणूस कामावर परत येण्याची वाजवी शक्यता आहे, याची खात्री तुला करून घ्यावी लागते. ते एक वाक्यही आदेशात असू दे.

आता अटी. इथे मला तुला जरा रागवायचं आहे, कारण तू पाठवलेला मसुदा मी वाचला. त्यात तू लिहिलं आहेस, ‘प्रलंबित कामे पूर्ण करण्याच्या अटीवर रजा मंजूर.’ अगं, हे वाक्य म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर झाकण. बाई गेल्या लग्नाला, आणि मागून कोणाला एक फाईल अपुरी सापडली, तर मग रजा मंजूर झाली होती की नव्हती? अट मोडली म्हणून त्या विनापरवानगी गैरहजर ठरतात का? तुला तसं म्हणायचं नव्हतं, ठाऊक आहे मला. पण कागद तेच म्हणतो.

म्हणून असं कर. कामाचं जे आहे ते अट म्हणून घालू नकोस. त्याची तारखेसह सूचना दे. ‘श्रीमती अमुक यांनी आपल्याकडील कार्यभार दि. 2/5/2025 रोजी मध्यान्हानंतर कनिष्ठ लिपिक श्री. तमुक यांच्याकडे सोपवावा व कार्यभार हस्तांतरण अहवाल सादर करावा.’ बघ, आता कोण, काय, कधी, कोणाकडे, सगळं आलं. कार्यभार घेणाऱ्याचं नाव आलं म्हणजे त्यालाही कळलं की पुढचे बारा दिवस आपल्या बोडक्यावर. आदेशाची प्रत त्याला गेलीच पाहिजे, नाहीतर सोमवारी सकाळी तो म्हणेल, मला कोणी सांगितलंच नाही.

खऱ्या अटी फार थोड्या असतात, आणि त्या अशा असाव्यात की पाळली की नाही हे कागदावर दिसेल. आजारपणाच्या रजेत, वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र दिल्याशिवाय रुजू करून घेतलं जाणार नाही, ही अट. परदेशी जायचं असेल तर त्यासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागेल, हा आदेश म्हणजे ती परवानगी नव्हे, ही अट. मुख्यालय सोडायचं असेल तर त्याची परवानगी दिली आहे की नाही ते लिहायचं आणि रजेतला पत्ता व फोन नंबर घ्यायचा. आणि ‘शक्यतो’, ‘साधारणतः’, ‘यथोचित’, ‘आवश्यकतेनुसार’ हे चार शब्द मसुद्यात दिसले की खोडायचे. यथोचित म्हणजे काय ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि सुरुवातीला माझ्या प्रत्येक आदेशात तो असायचा. काय पण रुबाब वाटायचा मला!

एक गोष्ट अट म्हणून नको, पण माहिती म्हणून घाल. रजा वाढवायची झाली तर अर्ज मंजूर रजा संपण्याआधी कार्यालयात पोचला पाहिजे, आणि वाढ मंजूर झाल्याचं कळेपर्यंत ती मिळाली असं धरू नये. हे सांगायची गरज का? रजा संपल्यावर माणूस परवानगीवाचून घरी राहिला तर त्या दिवसांचं रजा वेतन मिळत नाही. ते दिवस शिल्लक असेपर्यंत अर्धवेतनी खात्यातून जातात, वरचे असाधारण रजेत. आणि मुद्दाम राहिला असं दिसलं तर शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. लोकांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, फोन केला की झालं. आदेशातलं एक वाक्य त्यांना यातून वाचवतं.

आता परत येण्याचं. हा भाग लोक सगळ्यात आळसाने लिहितात, ‘रजा संपल्यावर तात्काळ रुजू व्हावे.’ तात्काळ म्हणजे कधी? रजा 16 मे ला संपली, 17 शनिवार आहे. शनिवारी कुलूप बघायला यायचं का? म्हणून लिही, ‘दि. 19/5/2025 रोजी मध्यान्हपूर्व या कार्यालयात वरिष्ठ लिपिक या पदावर रुजू व्हावे व रुजू अहवाल सादर करावा.’ तारीख, वेळ, ठिकाण, पद. ठिकाण आणि पद का? कारण रजेवरून परत आलेल्या माणसाला तीच खुर्ची आपोआप मिळेल असा नियम नाही. जागा आणि पद आदेशात आलं की त्यांच्या मनातली धाकधूक जाते. मुलीचं लग्न करून आलेल्या बाईने आल्या आल्या ‘माझं टेबल कुठाय’ म्हणत फिरू नये.

याच्याच जोडीला ते जुनं वाक्य येतं, जे आपण सगळे न वाचता उतरवत आलो, ‘श्रीमती अमुक या रजेवर गेल्या नसत्या तर त्या याच पदावर कार्यरत राहिल्या असत्या, असे प्रमाणित करण्यात येते.’ वेतनवाढीचा किंवा भत्त्यांचा प्रश्न निघतो तेव्हा हे शब्द शोधले जातात, म्हणून काढून टाकू नकोस. पण खरं असेल तरच लिही. त्यांची बदलीची फाईल वर गेली असेल तर नुसती सवय म्हणून प्रमाणित करू नकोस. प्रमाणपत्र आहे ते, सही तुझी आहे.

सगळं जुळवून बाईंचा आदेश कसा दिसेल ते लिहून देते. वर क्रमांक, दिनांक, कार्यालयाचं नाव. ‘वाचले’ खाली रजा नियम आणि त्यांचा 15 एप्रिलचा अर्ज. तारखा स्पष्ट करून त्यांनी दुरुस्त अर्ज दिला असेल तर तोही. मग खाली:

‘श्रीमती अमुक, वरिष्ठ लिपिक, यांना दि. 5/5/2025 ते दि. 16/5/2025 अशी एकूण 12 (बारा) दिवसांची अर्जित रजा, रजेच्या मागे दि. 3/5/2025 व दि. 4/5/2025 आणि पुढे दि. 17/5/2025 व दि. 18/5/2025 या सुट्ट्या जोडण्याच्या व मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह, महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधील नियम 50 अन्वये मंजूर करण्यात येत आहे. रजेपूर्वी त्यांच्या खाती 214 दिवस अर्जित रजा शिल्लक असून ही रजा वजा जाता 202 दिवस शिल्लक राहील. त्यांनी आपला कार्यभार दि. 2/5/2025 रोजी मध्यान्हानंतर श्री. तमुक, कनिष्ठ लिपिक, यांच्याकडे सोपवावा. रजा समाप्तीनंतर त्यांनी दि. 19/5/2025 रोजी मध्यान्हपूर्व याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक या पदावर रुजू होऊन रुजू अहवाल सादर करावा. रजा वाढवून हवी असल्यास त्याबाबतचा अर्ज दि. 16/5/2025 पूर्वी कार्यालयास प्राप्त झाला पाहिजे. त्या रजेवर गेल्या नसत्या तर याच पदावर कार्यरत राहिल्या असत्या, असे प्रमाणित करण्यात येते. सदर रजेची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घेण्यात यावी.’

बघ, एका पानात बसलं. कुठे फार गोड नाही, कुठे धाक नाही. ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून’ वगैरे घालू नकोस. लग्नाच्या शुभेच्छा द्यायच्या तर तोंडी दे, अहेर घेऊन जा. आदेशात नकोत. प्रती कोणाकोणाला? त्या बाईंना, कार्यभार घेणाऱ्याला, पगारपत्रक बनवणाऱ्याला आणि सेवापुस्तकासाठी एक. वरिष्ठ कार्यालयाला पाठवायची पद्धत असेल तर तिथेही.

आणखी एक धडधड तुझ्या मनात आहे ती मला कळते. अर्जावर ‘हरकत नाही’ किंवा ‘मंजूर’ असा हिरव्या शाईचा शेरा मारला की झालं, असं सगळे म्हणतात, मग एवढा आदेश कशाला? तो शेरा टिपणीवर ठीक आहे. त्यावरून तुझा लिपिक मसुदा करतो. पण ‘हरकत नाही’ म्हणजे मंजुरी नव्हे, आणि बाईंच्या हातात तो शेरा जात नाही. आदेश हातात पडल्याशिवाय कोणी गाडीत बसू नये अशी शिस्त लाव. म्हणजे तुलाही आदेश वेळेत काढावा लागेल! अर्ज 15 एप्रिलचा आहे आणि आदेश 30 तारखेला निघाला, तर त्या बाईंनी आमंत्रणं वाटायची की तुझ्या केबिनबाहेर उभं राहायचं?

अर्थात कधीतरी माणूस अचानक आजारी पडतो, आदेश आधी निघणं शक्यच नसतं. मग मागाहून कार्योत्तर मंजुरी द्यायची, त्या शब्दासकट, आणि माणूस कोणत्या तारखेला प्रत्यक्ष रुजू झाला ते रुजू अहवालावरून बघून. मागची तारीख टाकून आधीच मंजूर केल्यासारखं कधीही दाखवू नकोस. जावक नोंदवही खोटं बोलत नाही गं. आणि कोणी आधीच परत आलं, म्हणजे बाई 14 मे लाच येऊन उभ्या राहिल्या, तर ‘या, बसा’ म्हणून मोकळी होऊ नकोस. त्यांनी आधी परवानगी मागायला हवी. तू दिलीस तर 14 ते 16 मे ही तीन दिवसांची रजा रद्द केल्याचा छोटा सुधारित आदेश काढायचा आणि ते दिवस खात्यात परत जमा करायचे. जुन्या आदेशावर पेनाने तारीख बदलायची नाही. कितीही घाई असली तरी नाही.

शेवटचं म्हणजे, मंजूर करायचा अधिकार तुला आहे का ते आधी बघ. प्रत्येक पदाला कोणत्या संवर्गाची, किती दिवसांची, कोणत्या प्रकारची रजा देता येते ते प्रदान केलेल्या अधिकारांच्या आदेशात ठरलेलं असतं. त्या मर्यादेबाहेरचा अर्ज आला तर शिफारस करून वर पाठव. स्वतःच्या अधिकारात बसावी म्हणून एकाच रजेचे दोन तुकडे करू नकोस. ते लगेच कळतं, आणि खुलासा तुझ्याकडून मागितला जातो.

तुझ्या त्या चळतीतले बाकीचे अर्ज आज रात्री घरी नेऊ नकोस. उद्या सकाळी आस्थापना लिपिकाला रजा लेखे घेऊन बसव, कॅलेंडर मधे ठेव, आणि ज्यांचं जाणं सगळ्यात जवळ आलं आहे त्यांचा आदेश आधी काढ. पहिले दोन मसुदे टाईप करायच्या आधी मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.